कथा: सचिन पाणी प्यायला गेला (आणि काही शंका)

द्राक्षमळा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. कथा घरातल्याच प्रसंगावर बेतलेली आहे, थोडं मीठमसाला माझं. आधी कथा वाचा, शंका शेवटी विचारतो.

—

दादांनी टीव्ही आणला शुक्रवारी. एकवीस इंची, रंगीत. पहिल्या प्लॉटच्या द्राक्षांचे पैसे व्यापाऱ्याने रोख मोजले, आणि आदल्याच दिवशी आपण केनियाला हरवून वर्ल्डकपच्या फायनलला गेलो होतो. एरवी दोन महिने विचार करून खताची गोणी घेणारा माणूस त्या दिवशी खोकं घेऊनच एसटीतून उतरला. आजीने टीव्हीला हळदकुंकू लावलं. काचेवरचं प्लास्टिक काढायचं नाही, असं दादांनी बजावलं.

रविवारी, २३ मार्च २००३ ला, दीड वाजता ऑस्ट्रेलियाशी मॅच. एकच्या सुमारास वावटळ उठली, ओढ्याकाठच्या बाभळीची फांदी तारेवर पडली आणि लाइट गेली. वायरमन सायकलवरून येऊन वर बघून गेला. "पोल वाकलाय दादा. रात्रीशिवाय काही व्हायचं नाही."

दादा काही बोलले नाहीत. ट्रॅक्टरचं बॉनेट उघडलं, पान्याने बॅटरी सोडवली आणि मला म्हणाले, "बूथवाल्या भाऊसाहेबाला बोलव. इन्व्हर्टर घेऊन ये म्हणावं." गावात इन्व्हर्टर एकच, एसटीडी बूथवर. त्याची स्वतःची बॅटरी कधीच बसली होती. भाऊसाहेब इन्व्हर्टर काखेत आणि बायकोपोरं मागे घेऊन आले. त्यांनी पाकिटाच्या मागे हिशेब केला. "बॅटरी दोन वर्षांची. तीन तास चालंल. साडेतीन म्हणजे डोक्यावरून पाणी."

मॅच तर सात तासांची. दादांनी तिथल्या तिथे ठरवलं, "त्यांची बॅटिंग रेडिओवर. आपली टीव्हीवर. बॅटरी सचिनसाठी ठेवायची."

मग आम्ही पंधरा-वीस माणसं नव्या कोऱ्या टीव्हीसमोर बसून रेडिओ ऐकत राहिलो. टीव्हीच्या काळ्या काचेत आम्हीच दिसत होतो. झहीरच्या पहिल्या ओव्हरला पंधरा रन गेले तेव्हा काका उठून बाहेर गेले, ते पाँटिंगच्या सहाव्या की सातव्या सिक्सला परत आले आणि पुन्हा बाहेर गेले. दोन बाद ३५९. दादा म्हणाले, "होतंय. सचिन आहे." त्यांच्याशिवाय कुणीच काही बोललं नाही.

पावणेसहाला आपले दोघं मैदानात उतरल्याचं रेडिओने सांगितलं. आजीला पुढे पाटावर बसवलं. तिने सचिन कधी पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता. दादांनी बटण दाबलं. टीव्हीतून 'टुंग' आवाज आला, इन्व्हर्टर 'टक्' झाला आणि त्याचा लाल दिवा लागला. अंधार. पुन्हा दाबलं. पुन्हा टुंग, टक्, लाल. तिसऱ्यांदा पडदा उजळला, पण नुसत्या मुंग्या! भाऊसाहेब ओरडले, "बूस्टर! अरे, अँटेनाच्या बूस्टरची पिन भिंतीतच हाये!" मी कॉटखाली शिरून पिन उपटली, इन्व्हर्टरच्या दुसऱ्या भोकात घातली. कॉटखालीच होतो तेव्हा घरात एकदम शांतता झाली.

बाहेर आलो तर चित्र आलं होतं. हिरवंगार मैदान, पिवळ्या कपड्यांतली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडलेली, आणि निळ्या कपड्यांतला एक बुटका माणूस खाली मान घालून चालत निघालेला.

"हाच का तुमचा सचिन?" आजी म्हणाली. "केवढासा आहे. कुठं निघाला?"

कुणी बोलेना. ताई म्हणाली, "पाणी प्यायला चाललाय, आजी."

"उन्हाचं लागतंच," आजी म्हणाली.

सेहवाग मारत होता. मध्येच तिकडे पाऊस आला. मार्चमध्ये आभाळ आलं की देवाला हात जोडणारे दादा, बागेत अजून दोन प्लॉट उभे असताना, पडद्यासमोर हात जोडून म्हणाले, "पड रे. रात्रभर पड." पाच-दहा मिनिटं नुसती आच्छादनं दिसत होती. भाऊसाहेब म्हणाले, "बंद करा, बॅटरी वाचंल." दादांचा हात बटणाकडे गेला.

"राहू दे," आजी म्हणाली. "तो यायचाय अजून."

दादांनी हात मागे घेतला. पाऊस थांबला. सेहवाग रनआउट झाला. मग चित्र दोन्ही बाजूंनी आत आत येऊ लागलं, पडदा वहीएवढा झाला, इन्व्हर्टर कुईंकुईं करायला लागला आणि सगळं काळं झालं. आम्ही कंदील लावून जेवलो.

सकाळी ट्रॅक्टर चालू होईना. फवारणीचं पाणी न्यायचं होतं. दादा सीटवर, आणि आम्ही सगळे मागून धक्का देत उताराला. आजी ओट्यावरून बघत होती. "रात्री मला झोप लागली," ती ओरडून म्हणाली. "सचिन आला का मग?"

दादांनी क्लच सोडला. ट्रॅक्टर धडधडला.

"आला," दादा म्हणाले. "उशिरा आला."

—

शंका अशी: मामेभाऊ म्हणतो, तीनदा बटण दाबण्याचा प्रसंग खोटा वाटतो, कथेत रंगत आणायला घातलाय. मला तर तो खराच आठवतो. दुसरं म्हणजे शेवट. 'धडधडला' वरच थांबावं का?

---

चिंचगुळाची_आमटी

"तो यायचाय अजून" ला मी थांबले. म्हातारीला कळलेलं असतं की नाही, हे तुम्ही सांगितलं नाहीत, तेच बरं. एक खटकलं. "दादांच्याशिवाय कुणीच काही बोललं नाही" आणि पुढे "कुणी बोलेना", "एकदम शांतता". तीनदा गप्प बसवलंत सगळ्यांना. पंधरा-वीस माणसं आणि त्यात लहान पोरं इतकी गप्प बसत नाहीत हो. एखादं रडू द्या.

शेवट आहे तसाच ठेवा.

---

गणित_कच्चं

मामेभावाशी सहमत. एकवीस इंची रंगीत टीव्ही ८० ते १०० वॅट खातो. एसटीडी बूथवरचा इन्व्हर्टर म्हणजे किमान २५० व्हीएचा. निम्म्याहून कमी लोडवर तो ट्रिप होईलच कशाला? आणि लोड जास्त असता तर तिसऱ्यांदाही झाला असता. एक तर चालतो, नाही तर नाही. 'तिसऱ्या वेळेला' हे राजाच्या तीन मुलांसारखं आहे, गोष्टीतच होतं.

---

सोल्डरगन

गणित_कच्चं, तुमचा चालू लोडचा हिशेब बरोबर आहे, पण चालू करतानाचा लोड वेगळा असतो. संगमनेरला बावीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, त्यावर सांगतो.

रंगीत पिक्चर ट्यूबच्या भोवती, मागच्या बाजूने, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेलं तारेचं मोठं वेटोळं असायचं. ती डीगॉस कॉइल. ट्यूबच्या आतल्या जाळीत लोहचुंबकपणा साचला की रंगाचे डाग पडतात, कोपऱ्यात हिरवं, मध्ये जांभळं, ते पुसायला ही कॉइल. टीव्ही चालू करताच तिच्यातून जोरात करंट जायचा, क्षणभर पाच-सहा अँपिअरसुद्धा, आणि लगेच बंद व्हायचा. कथेतला 'टुंग' तोच. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला ही कॉइल नसते, म्हणून त्याला टुंग नाही.

आता पाच अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला हजार वॅटच्या वर. लाइटीवर कळतही नाही. २५० व्हीएचा इन्व्हर्टर मात्र घाबरून बसणारच.

तिसऱ्यांदा का चालला? तो करंट बंद करायचं काम एक छोटा काळा डबा करतो, आम्ही त्याला पॉझिस्टर म्हणायचो. तो गरम झाला की करंट अडवतो. थंड असताना पहिला झटका पूर्ण जातो. पहिल्या दोन वेळेला इन्व्हर्टर ट्रिप झाला, पण तेवढ्यात पॉझिस्टर थोडा थोडा तापला. तिसऱ्या वेळेला तो आधीच गरम, झटका छोटा, टीव्ही चालू. एक अट आहे. दादांनी लागोपाठ बटण दाबलेलं असलं पाहिजे. मध्ये पाच मिनिटं चर्चा करत बसले असते तर पॉझिस्टर पुन्हा थंड, आणि पुन्हा लाल दिवा.

तिसऱ्यांदा टुंग आवाज बारीक आला होता का, हे आठवतंय का बघा.

चूक मात्र वेगळीच आहे. चित्र दोन्ही बाजूंनी आत येऊन वहीएवढं झालं, असं रंगीत टीव्हीत होत नाही. २००३ च्या रंगीत सेटमधला पॉवर सप्लाय ९०-१०० व्होल्टपासून पुढे कशावरही पूर्ण चित्र द्यायचा, खोक्यावर तसं छापलेलंही असायचं. व्होल्टेज पडलं की चित्र आकसणं हे बारा व्होल्टवर चालणाऱ्या चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइटचं. तुमच्या घरी इन्व्हर्टर कुईंकुईं करत राहिला असेल, बॅटरी साडेदहा व्होल्टच्या आसपास आल्यावर त्याने स्वतःच लाइन तोडली असेल, आणि पूर्ण पडद्याचं चित्र एका क्षणात गेलं असेल.

---

द्राक्षमळा

सोल्डरगन, हात जोडले. बारीक टुंग आठवत नाही, मी तोवर कॉटकडे बघत होतो. आकसणारं चित्र मात्र मी पाहिलंय, शपथेवर. बहुतेक मामाच्या घरचं आहे, त्यांच्याकडे चौदा इंची होता. दोन आठवणी एकात शिरल्या वाटतं. काढून टाकतो. तसं एका क्षणात गेलेलं कथेलाही बरं.

---

माहेर_बार्शीचं

आमच्याकडे तर जीपची बॅटरी! १९९६ ची बंगळूरची पाकिस्तानविरुद्धची क्वार्टर फायनल. चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट, मागे बारा व्होल्टचं भोक असायचं, त्यात थेट वायर. इन्व्हर्टर वगैरे भानगड नाही. आमच्या चुलत्यांनी घाईत लाल-काळी उलटी लावली. टीव्हीतून फट् झालं आणि चुलते दोन दिवस आमच्या घरी आलेच नाहीत. मेकॅनिकने नंतर सांगितलं, आत एक डायोड मुद्दाम ठेवलेला असतो, उलटी वायर लावली की तो आणि फ्यूज मरतात आणि टीव्ही वाचतो. पंधरा-वीस रुपयांत काम झालं. पण जडेजाने वकारला शेवटी झोडपलं ते मी आजतागायत फक्त पुन्हा दाखवतात त्यातच पाहिलंय.

विषयांतराबद्दल क्षमस्व. कथा छान.

---

रिकामटेकडा_४२१

आमच्याकडेही लोडशेडिंग वाढलंय. ४३ इंची एलईडीला कुठला इन्व्हर्टर घ्यावा? बजेट बारा हजारापर्यंत.

---

सोल्डरगन

रिकामटेकडा, हा कथेचा धागा आहे हो. पण आलाच आहात तर सांगतो, एलईडीला पिक्चर ट्यूब नाही, कॉइल नाही, त्यामुळे टुंग नाही. घरातले पंखे किती चालवायचे त्यावर इन्व्हर्टर ठरवा, टीव्हीवर नको. फक्त सेट-टॉप बॉक्स आणि वायफायच्या डब्याची पिनही त्याच लाइनवर घ्या. नाहीतर तुमचं भाऊसाहेबांच्या बूस्टरसारखं होईल. टीव्ही चालू आणि दाखवायला काही नाही.

आणि केबल असेल तर केबलवाल्याचा गल्लीतला अँप्लिफायर कुठल्या लाइनवर आहे तेही विचारा. तुमची लाइट गेली की त्याचीही गेली, तर घरातल्या इन्व्हर्टरचा काडीचा उपयोग नाही. दादांच्या छतावर अँटेना होती म्हणून ती मॅच दिसली.

---

स्कोअरबुक

मी वेळ तपासत बसलो, सवय आहे. सचिन पहिल्याच ओव्हरच्या पाचव्या बॉलला गेला. आधीच्या बॉलला मॅग्राला फोर मारली, पुढचा पुल वर उडाला, मॅग्रानेच कॅच घेतला. चार रन. म्हणजे मैदानात उतरण्यापासून परत निघेपर्यंत मोजून पाच-सहा मिनिटं. त्यात दोन ट्रिप, मुंग्या, कॉटखालची पिन. बरोबर बसतं. खरं तर दादांनी दहा मिनिटं आधी बटण दाबलं असतं तर आजीला सचिनची एक फोर दिसली असती. तेवढ्या दहा मिनिटांत बॅटरी काय गेली असती, दीड अँपिअर-अवर?

पावसाचं दादांना बरोबर माहीत होतं. दुसऱ्या डावाच्या २५ ओव्हर व्हायच्या आत खेळ कायमचा थांबला असता तर निकाल लागला नसता, दुसऱ्या दिवशी नव्याने मॅच. म्हणून तर पाँटिंगने हॉग आणि लेहमन या स्पिनरांना आणून भराभर ओव्हरी काढल्या. आणि तोवर सेहवागने मारून घेतलं.

आणखी एक. पाँटिंग आणि मार्टिनची न तुटलेली भागीदारी २३४ ची. आपला सगळा संघ ऑल आउट २३४. हे कथेत घालू नका, कथेला नको आहे. मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही इतकंच.

---

पोरसवदा

आमच्या शाळेत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं की पाँटिंगच्या बॅटमध्ये स्प्रिंग होती आणि मॅच परत होणार. आठवडाभर वाट बघितली. ते नाही का घालणार? ट्रॅक्टरला धक्का देताना एखाद्या पोराने म्हणायला हवं.

---

चिंचगुळाची_आमटी

नको. स्प्रिंग प्रत्येकाच्या शाळेत होती. आजी ह्यांच्याच घरात होती.

---

गणित_कच्चं

पॉझिस्टर मान्य. माघार. पण मग बॅटरीचा हिशेब बघा, तो तरी माझा असू द्या. टीव्ही ८० वॅट, बूस्टर किरकोळ, इन्व्हर्टर स्वतः पाचवा हिस्सा खाणार, म्हणजे बॅटरीतून १०० वॅट, साधारण साडेआठ अँपिअर. ट्रॅक्टरची बॅटरी ८८ अँपिअर-अवरची धरली तर कागदावर दहा तास. म्हणजे पाकिटावरचा हिशेब चुकला, आणि आख्खी मॅच बघता आली असती! बिचारे रेडिओ ऐकत बसले.

---

सोल्डरगन

अर्धं बरोबर. दहा तास नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचे, तेही शेवटच्या थेंबापर्यंत पिळून. ट्रॅक्टरची बॅटरी स्टार्टरला एकदम जोराचा झटका द्यायला बनवलेली असते, तासन्‌तास मंद करंट द्यायला नाही. तिला निम्म्याच्या खाली नेऊ नये. नवी असती तर पाच तास म्हटलं असतं. दोन वर्षांची, शेतात धक्के खाल्लेली, अर्धवट चार्ज झालेली, तर तीन. भाऊसाहेबांचं पाकीट बरोबर होतं. पावणेसहाला चालू केली, सेहवाग गेला आठच्या आसपास, त्यानंतर थोड्या वेळात संपली, म्हणजे जेमतेम तीन तास.

अशी पूर्ण रिकामी केलेली बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. दादांना ती बदलावी लागली का, हे विचारा.

---

स्कोअरबुक

शेवटाबद्दल एक, आणि मग गप्प बसतो. द्राक्षमळा, तुमच्या दादांनी आजीला थाप मारली असं सगळे धरून चाललेत. ती थाप नाही. मॅच संपल्यावर बक्षीस समारंभात सचिन आलाच होता. स्पर्धेत ६७३ रन, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू, सर गॅरी सोबर्सच्या हातून सोनेरी बॅट घेतली. चेहरा पाहवत नव्हता. पण आला. उशिरा आला.

तुम्हाला हे माहीत असून लिहिलंत का?

---

चिंचगुळाची_आमटी

अगं बाई.

मग आता शेवटाला हात लावायचाच नाही. आणि हे कथेत सांगायचंही नाही. ज्याला माहीत आहे त्याला कळेल.

---

माहेर_बार्शीचं

मला नाही पटत. ज्याला माहीत नाही त्याला ती नुसती थापच वाटणार ना? दादांना कसं कळलं, ते तरी हवं. टीव्ही तर बंद होता. रेडिओ चालू होता, असं एक वाक्य टाका.

---

द्राक्षमळा

खरं सांगायचं तर लिहिताना डोक्यात नव्हतं. सोनेरी बॅट माहीत होती, पण जोडली नव्हती. रात्री दादांना फोन केला. म्हटलं, तुम्ही आजीला "उशिरा आला" म्हणालात ते आठवतं का? म्हणाले, असलं काही बोललो असेन की नाही, ध्यानात नाही. म्हटलं, त्या रात्री जेवताना रेडिओ चालू होता का? तर म्हणाले, "रेडिओचं सोड. ती बॅटरी मेच्या आतच गेली. ऐन पाण्याच्या दिवसांत. तुझ्या आजीमुळे."

मग बराच वेळ बॅटरीबद्दलच बोलत होते.

---

सोल्डरगन

डिस्टिल्ड वॉटर घालत होते का विचारलंत?